महिनाअखेरीची ईद आणि फितऱ्याचा हिशेब

मार्च 2025 मध्ये रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू होते. शुक्रवारी, 21 मार्चला, मावळतीआधी मशिदींच्या कोपऱ्यांत पडदे लागले आणि एतिकाफला बसणारे आपली वळकटी घेऊन आत गेले. गुरुवारी सत्ताविसावी रात्र होती. रविवारी, 30 मार्चला, गुढीपाडवा होता, आणि त्याच संध्याकाळी चंद्र दिसला तर सोमवारी ईद होणार होती. नाही दिसला तर मंगळवारी, 1 एप्रिलला. वागळे इस्टेटसारख्या भागात या दोन तारखांमध्ये फारसा फरक नव्हता, कारण दोन्ही दिवशी बहुतेक कामगारांच्या हातात पगार आलेला नसणार होता.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. महामंडळ स्थापन झाले 1962 साली आणि काम सुरू झाले ते इथून. आज रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना आयटी पार्कच्या काचा चमकतात, तरी मागच्या गाळ्यांत लेथ, प्रेस, छपाई, पॅकिंग अजून चालते. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, हाजुरी या आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसे तिथे पायी कामाला जातात. त्यांतले पुष्कळजण ठेक्यावर आहेत. कायद्याप्रमाणे पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. म्हणजे मार्चचा पगार सात एप्रिलपर्यंत आला तरी मालक नियमातच असतो. ईद मात्र त्याआधीच होऊन गेलेली असणार होती.

फितरा हे दान अशाच घरांसाठी आहे. ईदच्या दिवशी कोणाच्या घरी चूल थंड राहू नये आणि त्या दिवशी तरी कोणाला हात पसरावा लागू नये, हा त्याचा हेतू. हेतू साधा असला तरी त्याचा हिशेब आज कसा लावला जातो, पैसा कुठे जातो आणि कधी पोचतो, हे जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

एका माणसाने पुरे, पण एक तरी हवा

आधी या दहा दिवसांबद्दल थोडेसे, कारण पुष्कळ वाचकांना शेजारच्या मशिदीत काय चालले आहे याचे कुतूहल असते. एतिकाफ म्हणजे मशिदीत मुक्काम करून राहणे. विसाव्या रोजाच्या सूर्यास्ताआधी आत जायचे आणि ईदचा चंद्र दिसेपर्यंत बाहेर पडायचे नाही. शौच, वजू अशा गरजांपुरते उठायचे. या काळात आजाऱ्याला भेटायला किंवा अंत्ययात्रेलाही जायचे नाही. हनफी पंथात याला सामुदायिक सुन्नत मानतात. मोहल्ल्यातला एकजण बसला तरी सगळ्यांच्या वतीने ती पुरी होते, आणि कोणीच बसला नाही तर दोष सगळ्यांवर येतो.

औद्योगिक वस्तीत हा नियम मोठा सोयीचा आहे. दहा दिवस खाडा केला तर ठेक्यावरच्या माणसाची हजेरी जाते आणि कधी कामही जाते. म्हणून मशिदीत बसलेले दिसतात ते निवृत्त कामगार, परीक्षा संपलेली मुले किंवा स्वतःचे छोटे दुकान असलेले. बाकीचे त्यांच्या सहेरी-इफ्तारची सोय पाहतात. स्त्रिया घरातच नमाजची जागा ठरवून तिथे एतिकाफला बसतात.

लैलतुल कद्र, म्हणजे शब-ए-कद्र, ही कुराण उतरू लागले ती रात्र. हजार महिन्यांहून श्रेष्ठ असे तिचे वर्णन आहे. हजार महिने म्हणजे 83 वर्षे 4 महिने, जवळजवळ एक पुरे आयुष्य. ही रात्र नेमकी कोणती ते सांगितलेले नाही, शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींत तिचा शोध घ्यावा एवढेच सांगितले आहे. इस्लामी दिवस सूर्यास्तापासून सुरू होत असल्यामुळे रात्र आधी येते आणि दिवस मागून. 2025 मध्ये योगायोग असा की रमजानच्या रात्रीचा आकडा आणि मार्चची तारीख एकच होती. 21, 23, 25, 27 आणि 29 मार्चच्या रात्री याच त्या विषम रात्री. प्रथेने सत्ताविसाव्या रात्रीला सर्वांत जास्त गर्दी होते, आणि दानाच्या पेट्याही त्याच रात्री सर्वांत जास्त भरतात. त्या रात्रीच्या पुण्याला हजार महिन्यांचे मोल आहे म्हटल्यावर हात सैल सुटतो. पण पेटीत पडलेला पैसा आणि गरजूच्या घरी पोचलेला पैसा यांत ईदपर्यंतचे तीन-चार दिवस उरतात. घोळ होतो तो याच दिवसांत.

फितरा म्हणजे जकात नव्हे

अनेक मुस्लिम घरांतही हे दोन शब्द एकत्र उच्चारले जातात, पण दोन्ही वेगळे आहेत. जकात ही वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के. ती वर्षात केव्हाही निघते. रमजानमध्ये काढायची ही केवळ रीत आहे. फितरा मात्र संपत्तीवर नाही, माणशी आहे. घरातल्या तान्ह्या बाळाचाही फितरा बाप देतो. त्याला मुदत आहे, ती म्हणजे ईदची नमाज. नमाजीआधी दिला तर तो फितरा. उशीर झाला म्हणून देणे सुटत नाही, पण ज्या कामासाठी तो होता ते काम हुकलेले असते.

तो कोणी द्यायचा, याचे उत्तर आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात एकाच इमारतीत दोन प्रकारचे मिळू शकते. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाड्यातून आलेली बहुतेक मुस्लिम कुटुंबे हनफी आहेत. कल्याण, भिवंडी, मुंब्रा इथली जुनी कोकणी मुस्लिम घराणी शाफई आहेत. हनफी मताप्रमाणे गरजा आणि कर्ज वजा जाता 612 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढे ज्याच्याकडे उरते, त्याच्यावर फितरा बंधनकारक. मार्च 2025 मध्ये चांदी किलोला लाखाच्या घरात होती, म्हणजे तेव्हा ही रेषा साठ हजार रुपयांच्या आसपास येत होती. शाफई मताप्रमाणे ईदचा दिवस आणि रात्र भागेल एवढे अन्न घरात असून वर काही उरत असेल, तरी द्यायचा. त्यामुळे शाफई घरात गरीब माणूसही फितरा देतो आणि दुसऱ्याकडून घेतोही. देणारा आणि घेणारा अशी कायमची दोन माणसे त्यात राहत नाहीत.

फरक आणखीही आहेत. हनफी मताने फितरा ईदच्या पहाटे लागू होतो, शाफई मताने आदल्या सूर्यास्ताला. त्यामुळे चंद्ररात्री दहा वाजता जन्मलेल्या बाळाचा फितरा हनफी बाप देईल, शाफई बापावर तो नाही. शाफई पंथाच्या मूळ मताप्रमाणे फितरा धान्यातच द्यायचा, आणि तोही आपल्या भागाचे जे मुख्य अन्न असेल त्यातून. म्हणून कोकणी घरांत तांदूळ मोजला जातो. हनफी पंथ धान्याऐवजी त्याची किंमत द्यायला परवानगी देतो. शहरात ऐकू येणारा "यंदा फितरा अमुक रुपये" हा आकडा त्या परवानगीतून येतो.

गहू स्वस्त झाला आणि माप तेच राहिले

हा आकडा निघतो कसा? मूळ माप आहे एक 'साअ'. ते वजनाचे नाही, भांड्याचे माप आहे, आपल्याकडच्या पायलीसारखे. म्हणून त्याचे किलो करताना आकडे जुळत नाहीत. हनफींमध्येच देवबंदी उलेमा अर्धा साअ म्हणजे 1 किलो 633 ग्रॅम धरतात आणि बरेलवी उलेमा 2 किलो 47 ग्रॅम. शाफई पूर्ण साअ अडीच ते तीन किलोच्या दरम्यान धरला जातो. एकाच रस्त्यावरच्या दोन मशिदींच्या फलकांवर वेगळा आकडा दिसला, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

पैगंबरांच्या काळात मदीनेत फितरा दिला जाई तो खजूर, जव, मनुका किंवा सुकवलेले चीज यांचा पूर्ण एक साअ. गहू तिथे फारसा पिकत नसे, तो शामहून, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूने येई आणि महाग असे. पुढे मुआविया यांच्या कारकिर्दीत त्यांनी मत मांडले की, शामचा अर्धा साअ गहू हा किमतीने एक साअ खजुराच्या बरोबरीचा आहे. लोकांनी ते धरले. अबू सईद खुदरी या सहाबींनी मात्र ते मानले नाही, ते शेवटपर्यंत पूर्ण साअच देत राहिले. हनफी पंथ अर्ध्या साअच्या बाजूने इतर सहाबींच्या परंपरांचाही आधार देतो. पण त्या काळी अर्धे माप गहू आणि पूर्ण माप खजूर यांची किंमत साधारण सारखी होती, एवढे यातून कळते.

आज ठाण्याच्या बाजारात काय आहे? हिशेबासाठी गहू 40 रुपये किलो, साधा खजूर 200 रुपये आणि मनुका 400 रुपये किलो धरू. देवबंदी मापाने गव्हाचा फितरा माणशी सुमारे 65 रुपये होतो. खजुराचा पूर्ण साअ, म्हणजे 3 किलो 266 ग्रॅम, सुमारे 653 रुपये. मनुकांचा सुमारे 1,306 रुपये. जे दोन पर्याय एकेकाळी बरोबरीचे होते, त्यांत आज दहापट अंतर पडले आहे. धर्माने चारही जिन्नस खुले ठेवलेले असताना फलकावर मात्र बहुधा एकच आकडा येतो, आणि तो असतो गव्हाचा. 65 रुपये ही कमीत कमी मर्यादा आहे. पण फलकावर एकटाच आकडा असला की तीच ठरलेली रक्कम वाटू लागते. दुचाकीवरून माल पोचवणारा मुलगा आणि आयटी पार्कमध्ये व्यवस्थापक असलेला माणूस, दोघेही माणशी तेवढेच मोजून निघतात.

अलीकडे अनेक दारुल-इफ्ता गहू, जव, खजूर, मनुका असे चारही दर एकत्र छापू लागले आहेत, आणि ज्याची जशी ऐपत तसा त्याने दर निवडावा असे सांगतात. त्यात नवीन फतवा काही नाही. जुन्या नियमातली झाकलेली बाजू तेवढी उघडी केली आहे.

एका मोहल्ल्याचा हिशेब

या फरकाने प्रत्यक्षात काय होते, ते एका कल्पित मोहल्ल्यावरून पाहू. समजा, एका मशिदीच्या भोवती फितरा देऊ शकणारी 300 घरे आहेत आणि घरटी पाच माणसे. म्हणजे 1,500 माणसे. सगळ्यांनी गव्हाच्या दराने दिले तर 97,500 रुपये जमतील. मोहल्ल्यात खरी गरज असलेली 60 घरे असतील, तर प्रत्येकाला 1,625 रुपये येतात. तेवढ्यात शेवया, दूध, साखर, थोडा सुका मेवा आणि मटण येईल. ईदचा एक दिवस निघेल.

आता समजा, यातल्या एक तृतीयांश लोकांनी, म्हणजे 500 माणसांच्या वतीने, खजुराचा दर धरला. त्यांचे 3,26,500 आणि उरलेल्या हजारांचे 65,000, मिळून 3,91,500 रुपये. साठ घरांत वाटले तर प्रत्येकी 6,525. यात ईद तर होईलच, शिवाय पगार येईपर्यंतचा आठवडा निघेल आणि खोलीच्या भाड्यालाही हातभार लागेल. ज्यांना परवडते त्यांनी योग्य रकाना निवडला, तर एवढा फरक पडतो.

इथे रेशनचीही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अन्नसुरक्षा योजनेत बसणाऱ्या प्राधान्य कुटुंबांना जानेवारी 2023 पासून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. म्हणजे ज्या घराकडे चालू शिधापत्रिका आहे, त्याच्याकडे गहू-तांदळाची टंचाई तितकी नाही. कमी पडते ते तेल, दूध, औषध, भाडे, मुलांचे कपडे. अशा घराला रोख रक्कम अधिक उपयोगाची. उलट ज्यांची शिधापत्रिका गावी आहे आणि इथे ती चालवून घेण्याची खटपट जमलेली नाही, त्यांना धान्याची पिशवीही मोलाची. धान्य की रोख, हा पंथाचा प्रश्न आहेच. पण जिथे पंथ मोकळीक देतो तिथे समोरचे घर पाहून ठरवणे शहाणपणाचे.

पैसा अडतो कुठे

वरचा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे जमलेला सगळा पैसा मोहल्ल्यातच वाटला जातो. तसे होत नाही. रमजानमध्ये दूरदूरच्या मदरशांचे सफीर पावतीपुस्तके घेऊन येतात. त्या मदरशांत गरीब मुले राहतात, जेवतात, शिकतात. त्यांच्या खर्चाला फितरा देणे चुकीचे नाही. पण फिकहचा जुना संकेत असा की, आधी आपल्या नात्यातले आणि वस्तीतले गरजू पाहावेत. वरच्या उदाहरणात निम्मा फितरा बाहेर गेला, तर 1,625चे 812 रुपये होतात. शिवाय बाहेर गेलेला पैसा ईदच्या नमाजीआधी कोणाच्या हातात पडला, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. जकात आणि साधे दान बाहेर पाठवायला वर्ष मोकळे आहे. फितऱ्याला ती सवड नाही.

दुसरी अडचण वेळेची. पुष्कळ लोक फितरा देतात तो ईदच्या सकाळी, नमाजीला जाताना, दारातल्या पेटीत. देणाऱ्याने वेळ पाळलेली असते. पण मशिदीची कमिटी ही घेणारी नसून देणाऱ्याची प्रतिनिधी असते. हनफी मताप्रमाणे गरजूला त्या पैशाचा मालक केल्याशिवाय फितरा अदा होत नाही. पेटी दुपारी उघडली, पैसे मोजले आणि दोन दिवसांनी वाटले, तर ईदचा दिवस गेलेला असतो. याच कारणाने फितरा मशिदीच्या बांधकामाला, विजेच्या बिलाला किंवा इमामसाहेबांच्या पगाराला वापरता येत नाही, कारण भिंत कोणत्याही पैशाची मालक होऊ शकत नाही. ही गल्लत बहुतेकदा वाईट हेतूने होत नाही. एकाच पेटीत जकात, फितरा, मशिदीचा निधी असे सगळे पडते आणि नंतर वेगळे करता येत नाही.

तिसरी अडचण यादीची. जी बाई धीटपणे रांगेत उभी राहते, तिला चार ठिकाणांहून पाकिटे मिळतात. काम सुटलेला सुपरवायझर, जो कालपर्यंत स्वतः देत होता, तो रांगेत येत नाही. यादी नसली की पैसा मागणाऱ्याकडे जातो आणि न मागणारा राहून जातो.

यावर उपाय अवघड नाहीत आणि काही ठिकाणी ते चालूही आहेत. फितऱ्याची पेटी वेगळ्या रंगाची ठेवायची. शेवटच्या दहा दिवसांच्या सुरुवातीलाच गरजू घरांची यादी करायची, आणि ती गल्लीतल्या दोन-तीन बायकांकडून तपासून घ्यायची. कोणाच्या घरी काय शिजते हे त्यांना कमिटीपेक्षा जास्त ठाऊक असते. सत्ताविसाव्या रात्रीनंतर पहिले वाटप उरकायचे आणि ईदच्या सकाळी जे येईल त्यासाठी चार-पाच घरे आधीच नक्की ठेवायची. फितरा रमजान सुरू झाल्यापासून देता येतो, यावर हनफी आणि शाफई दोन्ही सहमत आहेत. देणाऱ्याने पेटीत पैसे टाकण्याआधी एवढेच विचारावे: हा पैसा कोणाला जाणार, किती घरांना, आणि चंद्र दिसण्याआधी की नंतर? उत्तर लगेच मिळाले तर व्यवस्था नीट आहे. "बघू, ईदनंतर बसून ठरवू" असे उत्तर आले, तर आपले पाकीट स्वतःच्या हाताने दोन घरांत देऊन यावे. त्यासाठी मध्यस्थाची अट कुठेच नाही.

शेजारी कुठल्याही धर्माचा असला तर?

मिश्र वस्तीत हा प्रश्न नेहमी येतो. जकात मुस्लिम गरजूंसाठी, यावर उलेमांचे जवळजवळ एकमत आहे. फितऱ्याबद्दल हनफी पंथात दोन मते आहेत. इमाम अबू हनीफा यांनी तो गैरमुस्लिम गरिबाला देणे वैध मानले, त्यांचे शिष्य अबू यूसुफ यांनी नाही. शाफई पंथही नाही म्हणतो. पण ऐच्छिक सदक्याला अशी कुठलीच मर्यादा नाही. म्हणून ज्याला पाडव्याच्या दिवशी शेजारच्या चाळीतल्या विधवेच्या घरी किराणा पोचवायचा आहे, त्याने फितरा वेगळा काढावा आणि हे वेगळे द्यावे. धर्माची त्याला आडकाठी नाही.

इतर धर्मीय वाचकांतही पुष्कळजण कारखानदार, दुकानदार, ठेकेदार आहेत. त्यांच्या हातात फितऱ्याहून परिणामकारक एक गोष्ट आहे. पगार सात तारखेच्या आत द्या असे कायदा सांगतो. तो 28 मार्चला देऊ नका असे सांगत नाही. मार्चअखेरीचे हिशेब चालू असतात हे खरे, पण पूर्ण पगार जमत नसेल तर उचल देता येते. 2025 मध्ये रविवारी पाडवा आणि लगेच ईद होती. म्हणजे त्याआधीच्या शुक्रवार-शनिवारी मिळालेले दोन-तीन हजार हिंदू कामगाराच्या घरी श्रीखंडाला लागले असते आणि मुस्लिम कामगाराच्या घरी शीरखुर्म्याला. शिवाय ज्याच्या हाती स्वतःच्या मेहनतीचे पैसे वेळेवर आले, ते घर फितऱ्याच्या यादीतून निघते आणि तो वाटा दुसऱ्या घराला मिळतो.

 मशिदींच्या कमिट्यांनी यादी झाली नसेल तर ती वेळेत करावी. फलकावर गव्हाच्या दराशेजारी खजुराचा आणि मनुकांचा दरही खडूने लिहावा. आणि सत्ताविसाव्या रात्री पेटी भरली, तर दुसऱ्या दिवशी ती उघडावी.